सावली की काळा रंग?

कमरेच्या चामडी पट्ट्याच्या बकलाचा जवळून काढलेला फोटो पाहताना नजर आधी नक्षीवर जाते आणि फसतेही तिथेच. रेघ जितकी काळी तितकी ती खोल, असं वाटतं. पण चरीत काळा रंग भरला असेल, तर साधा ओरखडाही विहिरीसारखा दिसतो. म्हणून दोन फोटो हवेत. कॅमेरा आणि पट्टा जागच्या जागी ठेवायचा, दिवा तेवढा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, तिरका धरायचा. दिव्याबरोबर बाजू बदलते ती सावली. जिथल्या तिथे राहतो तो रंग.

एकदा सावली सापडली की खोलीचा अंदाज बांधता येतो, फक्त फोटो सरळ वरून घेतलेला हवा आणि प्रकाश चरीला आडवा. समजा पट्टा 35 मिमी रुंद आहे आणि फोटोत त्याने 1400 पिक्सेल व्यापलेत. म्हणजे 1 मिमीला 40 पिक्सेल. बकलाच्या चौकटीची वरची कड चामड्यापासून 4 मिमी उंच आहे आणि तिची सावली चामड्यावर 7 मिमी लांब पडली आहे. चरीतली सावली 20 पिक्सेलची, म्हणजे अर्ध्या मिमीची. 7 मिमी सावलीला 4 मिमी उंची, तर अर्ध्या मिमीला साधारण 0.29 मिमी खोली. मात्र चर अरुंद असून सावलीने तळ पूर्ण झाकला असेल, तर इतकंच म्हणता येतं की खोली निदान एवढी तरी आहे.

भोकं त्या मानाने सरळ बोलतात. धारदार पंचने पाडलेल्या भोकातून चामड्याची चकती निघून जाते आणि काठ स्वच्छ राहतो. खिळ्याने पाडलेल्या भोकात चामडं निघत नाही, नुसतं बाजूला ढकललं जातं. मागच्या बाजूला तंतूंची दाढी दिसते आणि काही दिवसांनी भोक आवळत जातं. वापराने भोक लांबतं ते पट्ट्याच्या टोकाकडे, कारण ताण पट्टा कमरेकडे ओढतो आणि काटा त्याच काठावर टेकलेला असतो. उलट दिशेला लांबलेलं भोक दिसलं, तर ते वापराने नव्हे, पंच सरकल्याने झालेलं असण्याची शक्यता जास्त. विकणारा काहीही म्हणो.

टोक अडकवायच्या लूपचा जोड आतल्या बाजूला लपवलेला असतो, त्यामुळे तो फोटो मागून घ्यावा लागतो. तिथे शिलाईऐवजी तारेची पिन असेल तर लगेच कळतं. शिलाई असेल तर टाक्यांचा शेवट पाहावा: दोन-तीन टाके मागे फिरवलेले नसतील, तर दोरा तिथूनच उसवायला लागतो.

कडेसाठी मात्र पट्टा वाकवूनच फोटो काढावा, तोही भोकांपाशी. रंगाचा थर असेल तर बाक आलेल्या जागी केसासारख्या चिरा उमटतात. पाणी किंवा डिंक लावून घासलेली कड तिथे फार तर फिकट पडते आणि तिच्यात चामड्याचे तंतू एकमेकांत दबलेले दिसतात.