प्लॅनरचं कॅप्शन, चौथी आवृत्ती: ‘कुरिअर कधी येईल?’

घरी छापायच्या माझ्या मराठी प्लॅनरमधलं दुधाच्या रतीबाचं पान पूर्ण झाल्याचं मागच्या वेळी कळवलं होतं. गाईचं, म्हशीचं दूध वेगळ्या रकान्यांत आणि खाड्यासाठी स्वतंत्र चौकट. पानं तयार झाली म्हणजे काम संपलं असं मला वाटलं होतं, पण गेले दोन महिने खरं काम इन्स्टाग्रामच्या कॅप्शनवरच चाललं आहे. विकायचा प्लॅनर 18 पानांचा आणि किंमत 149 रुपये. एवढ्याशा गोष्टीत काय मिळतं आणि कसं मिळतं हे सरळ सांगायला मला चार वेळा लिहावं लागलं. तुमच्यापैकी कोणी घरी छापायच्या फाइली विकत असाल तर हा हिशोब उपयोगी पडेल.

पहिल्या कॅप्शनची सुरुवात होती, ‘नव्या वर्षासाठी सुंदर मराठी प्लॅनर! महिना, आठवडा, घरखर्च, सगळं एकाच जागी.’ सोबतचा फोटो मी स्वतः छापून स्पायरल बाइंडिंग केलेल्या प्रतीचा. खिडकीतला उजेड, शेजारी चहाचा कप. फोटो चांगला होता आणि चूक तिथेच होती. अक्कलकोटच्या एका ताईंनी पैसे पाठवले, मी फाइली पाठवल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, “ताई, कुरिअर कधी येईल? पत्ता द्यायचा राहिला का माझा?”

मी माझं कॅप्शन पुन्हा वाचलं. ‘डिजिटल’ हा शब्द होता, पण सातव्या ओळीत. इन्स्टाग्रामवर पहिल्या दोन ओळी दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं, आणि फोटोत तर चक्क वही दिसत होती. वही दाखवून फाइल विकली तर माणूस वहीचीच वाट बघणार. त्यांचे पैसे मी परत केले. मग त्यांनीच फाइल ठेवून घेतली आणि पैसे पुन्हा पाठवले, पण तो चांगुलपणा त्यांचा. तेव्हापासून पहिली ओळ ठरली: ‘ही छापायची पीडीएफ फाइल आहे. घरी पार्सल येणार नाही.’ ‘डिजिटल’, ‘प्रिंटेबल’ हे शब्द मी खाली ढकलले. ते आपल्याला कळतात. ज्यांना विकायचं त्यांच्यापैकी अनेकांना ‘डिजिटल’ म्हणजे मोबाईलमधलं अ‍ॅप वाटतं.

दुसऱ्या आवृत्तीत गोंधळ झाला पानांच्या संख्येचा. फाइलीत 18 पानं आहेत: मुखपृष्ठ, वर्षाचं एक पान, महिन्यांची बारा, आणि आठवडा, दिवस, घरखर्च, दूध यांचं प्रत्येकी एक. आठवड्याचं पान एकच, कारण ते हवं तितक्या वेळा छापायचं. हे मी गृहीत धरलं होतं. एकीने 18 पानं छापून आणली आणि विचारलं, “बाकीचे 51 आठवडे कुठे आहेत?” तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. कॅप्शनमध्ये ‘वर्षभराचा प्लॅनर’ असं लिहिलं होतं.

मग मी वर्षाचा हिशोब कागदावर मांडला. मुखपृष्ठ आणि वर्षाचं पान मिळून 2, महिने 12, आठवडे 52, घरखर्च 12, दूध 12. एकूण 90 पानं, रोजचं पान सोडून. ए5 आकारात एका ए4 कागदावर दोन पानं बसतात, म्हणजे एका बाजूने छापलं तर 45 कागद. आता कॅप्शनमध्ये दोन्ही आकडे आहेत, फाइलीत किती आणि वर्षभरासाठी छापायला किती. दुसरा आकडा वाचून दोघी-तिघी मागे फिरल्या असतील. फिरू देत. छपाईचा खर्च झेरॉक्सच्या दुकानात पहिल्यांदा कळण्यापेक्षा तो आधीच कळलेला बरा.

तारखा मी छापलेल्या नाहीत. महिन्याच्या पानावर नाव असतं आणि 42 रिकामे चौकोन असतात, सात गुणिले सहा. सहा ओळी लागतातच, कारण 31 दिवसांचा महिना शनिवारी किंवा रविवारी सुरू झाला (माझा आठवडा सोमवारपासून) तर पाच ओळींत मावत नाही. ‘तारखा स्वतः लिहायच्या’ हेही आता कॅप्शनमध्ये आहे. त्यामुळे फाइल पुढच्या वर्षीही चालते, आणि कोणी पाडव्याला सुरू केलं तरी पानं वाया जात नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आकाराने. ही गोष्ट सविस्तर सांगते.

मी तीन फाइली देते: `Planner_A4.pdf`, `Planner_A5.pdf` आणि `Planner_A5x2.pdf`. तिसरीत ए4 कागदावर आडवी, शेजारी-शेजारी दोन ए5 पानं मांडलेली आहेत. मधोमध कापलं की झालं. ही मांडणी प्रिंटरच्या सेटिंगमधूनही होते, पण तिथे तो पानं थोडी आकसून बसवतो, म्हणून मी ती आयती करून दिली.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत जुळे सोलापूरच्या एका वहिनींचा फोन आला. त्यांनी रिंगची ए5 फाइल आधीच विकत घेतली होती आणि छापलेली पानं तिच्यात जात नव्हती. “अक्षरं पण केवढी मोठी आलीत हो,” म्हणाल्या. मी त्यांना मुखपृष्ठाच्या तळाशी असलेली रेघ पट्टीने मोजायला सांगितली. ती रेघ मी पहिल्यापासून टाकलेली आहे, बरोबर 10 सेंटीमीटरची. फोनवर पट्टी शोधल्याचा आवाज आला आणि मग उत्तर, “साडेतेराच्या जरा पुढे.”

तेवढ्यावरून सगळं कळलं. दुकानात `Planner_A5.pdf` ए4 कागदावर छापली होती आणि प्रिंटरचं सेटिंग `Fit` वर होतं. ए5 पान 148 मिलिमीटर रुंद. ए4 कागद 210 रुंद, पण त्या प्रिंटरला दोन्ही कडांचे चार-साडेचार मिलिमीटर छापता येत नाहीत, म्हणजे उरले साधारण 201. पान तेवढं ताणलं की 10 सेंटीमीटरची रेघ 13.6 होते. फाइलही ठीक होती आणि मशीनही ठीक होतं. फक्त तीनपैकी चुकीची फाइल उघडली गेली होती, आणि कोणती उघडायची हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

यात्रा उरकल्यावर आम्ही दोघी त्याच दुकानात गेलो. तिसरी फाइल दिली. पहिला कागद निघाला, रेघ 9.6. म्हणजे सेटिंग अजून `Fit` वरच, फक्त या वेळी पान ताणण्याऐवजी आकसलं होतं. दुकानातल्या काकांनी ते `Actual size` केलं, रेघ 10 भरली. कडेचं काहीच कापलं गेलं नाही, कारण मी चारही बाजूंनी 12 मिलिमीटर कोरे सोडले आहेत. ते रिंगच्या भोकांसाठी सोडले होते, पण प्रिंटरच्या कडेचाही प्रश्न त्यातच सुटला.

म्हणून आता कॅप्शनमध्ये आणि फाइलींसोबतच्या मेसेजमध्ये एक सूचना आहे: आधी फक्त पहिलं पान छापा, तळाची रेघ मोजा, 10 सेंटीमीटर भरली तरच बाकीची छापा. 9.6 च्या आसपास आली तर सेटिंग चुकलं, 13-14 आली तर फाइल चुकली.

फाइल पोचवण्याचं आता सांगते. एट्सीसारख्या ठिकाणी पैसे भरले की डाउनलोडचं बटण आपोआप मिळतं. तिथे एका वस्तूला पाच फाइली आणि प्रत्येकी 20 एमबीपर्यंत मर्यादा आहे, माझ्या तिन्ही सहज बसतात. पण माझं गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देणारं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारं आहे, त्यामुळे फाइली मी हाताने पाठवते. असं असताना कॅप्शनमध्ये मी ‘लगेच मिळेल’ लिहिलं होतं. रात्री अकराला पैसे आले, मी झोपलेली, आणि सकाळी सहा मेसेज. शेवटचा होता, “फसवणूक आहे का?” मला फार लागलं ते, पण चूक ‘लगेच’ या शब्दाची होती. आता वेळ आकड्यांत लिहिली आहे.

सुरुवातीला मी ड्राइव्हची लिंक देत होते. एकदा परवानगी `Restricted` वरच राहिली आणि समोरच्या बाईंना परवानगी मागणारं पान दिसत राहिलं. शिवाय इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकवर बोट ठेवून ती उघडत नाही. झिप करूनही पाहिलं, पण ती फोनवर कशी उघडायची हे प्रत्येकीला समजवावं लागलं. आता तीन सुट्या पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवर `Document` म्हणून, आणि त्याच ईमेलवर, म्हणजे फोन बदलला तरी हाताशी राहतात.

कॅप्शनमधली ‘स्क्रीनशॉट छापू नका’ ही ओळही अनुभवाने आली. एकीने फाइल उघडून पानांचे स्क्रीनशॉट काढले आणि तेच दुकानात पाठवले. रेघा फिकट, दातेरी. फोनचा स्क्रीन 1080 पिक्सेल रुंद असेल तर ए4 वर एका इंचाला जेमतेम 130 ठिपके येतात. माझ्या पीडीएफमध्ये रेघ ही रेघ म्हणूनच साठवलेली असते, कितीही मोठी छापा, धारदार येते.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या लांबीचीही मर्यादा आहे, 2,200 अक्षरांची, आणि मराठीत मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘आठवड्याचे’ हा शब्द डोळ्याला पाच अक्षरांचा, मोजणीत नऊ. म्हणून कौतुकाची सगळी वाक्यं काढली. चौथी आवृत्ती ही:

‘ही छापायची पीडीएफ फाइल आहे. घरी पार्सल येणार नाही.
किंमत 149 रुपये. फोटोतली वही मी स्वतः छापून बांधली आहे.

काय मिळेल: 18 पानांचा मराठी प्लॅनर. वर्ष, 12 महिने, आठवडा, दिवस, घरखर्च, दुधाचा रतीब, मुखपृष्ठ. तारखा स्वतः लिहायच्या, म्हणून कोणत्याही वर्षी चालेल. आठवड्याचं पान एकच आहे, हवं तितक्या वेळा छापा. पूर्ण वर्षासाठी 90 पानं होतात, म्हणजे ए5 आकारात 45 ए4 कागद.

तीन फाइली: ए4, ए5, आणि ए4 कागदावर दोन ए5. साध्या दुकानात ए5 हवं असेल तर तिसरी द्या.

कशी मिळेल: मेसेज करा, यूपीआयने पैसे भरा, नाव आणि ईमेल कळवा. सकाळी 9 ते रात्री 9 मध्ये पैसे आले तर दोन तासांत, नंतर आले तर सकाळी 11 पर्यंत फाइली व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवर.

छापताना: `Actual size` ठेवा. पहिलं पान छापून तळाची रेघ मोजा, 10 सेंटीमीटर हवी. स्क्रीनशॉट छापू नका.

स्वतःच्या घरासाठी कितीही प्रती काढा. फाइल पुढे पाठवू किंवा विकू नका. फाइल उघडली नाही तर मी दुरुस्त करून देईन, नाहीतर पैसे परत.’

टाकण्याआधी शेजारच्या काकूंना वाचायला दिलं आणि तीनच प्रश्न विचारले: घरी काय येणार, किती कागद लागणार, रात्री दहाला पैसे भरले तर फाइल कधी मिळणार? पहिले दोन त्यांनी पटकन सांगितले. तिसऱ्याला थांबल्या. “काकू, कुठे अडलं?” विचारलं, तर म्हणाल्या, “नंतर म्हणजे कशानंतर गं?” तिथे आता ‘रात्री 9 नंतर आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी 11 पर्यंत’ असं केलं आहे. कालपासून तेच लावलेलं आहे, आणि फोटोही बदलला: वहीशेजारी आता सुटी छापलेली पानं, कात्री आणि पट्टी ठेवली आहे.