पेलाभर पाणी, दोन तासांचं अंतर

"भाऊ, इसबगोल घेऊन घेऊन थकलो, पण पोट काई साफ होत नाई. रातच्याला साऱ्या गोळ्यांसंगच घेतो, चालते ना?"

माझं मेडिकल तालुक्याच्या बाजारात आहे. वेचणीच्या दिवसांत हा प्रश्न जास्त येतो, आणि बायकांकडून जास्त येतो. पऱ्हाटीच्या वावरात दिवसभर आडोसा मिळत नाही म्हणून त्या पाणीच कमी पितात. मग संडासला कडक होते आणि कोणीतरी इसबगोल सांगतं.

इसबगोलात जुलाबाचं औषध नसतं. तो बियांवरचा पातळ भुसा आहे. पाणी शोषून तो फुगतो, त्याचा बुळबुळीत गोळा होतो आणि मळ मऊ व मोठा होऊन पुढे सरकतो. म्हणजे काम पाण्याचं आहे, भुसा ते फक्त धरून ठेवतो. हाच भुसा लोक दह्यात कालवून पातळ संडास बांधायलाही घेतात, ते याच गुणामुळे. कडक झालेल्या पोटात दोन चमचे दह्यासंग, नाहीतर कोरडी फक्की मारून वर घोटभर पाणी, असं घेतलं तर तो आतलंच पाणी ओढतो आणि मळ आणखी अडून बसू शकतो. कोरडा भुसा घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकूही शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांना मी तो देतच नाही.

पाणी किती? एका चमच्याला निदान 240 मिली, म्हणजे लिटरच्या बाटलीचा साधारण पाव भाग. घरचा स्टीलचा पेला बाटलीने एकदा मोजून पाहा, बरेच पेले लहान निघतात. भुसा टाकला की ढवळा आणि लगेच प्या. बोलत बसलात तर त्याची खीर होते आणि मग ती चमच्याने खावी लागते. वरून आणखी एक पेला साधं पाणी प्या. सुरुवात दिवसातून एकदा, एका चमच्याने करा. एकदम दोन-तीन चमच्यांनी पोट फुगतं. असर दिसायला 12 तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागतात. पहिल्याच सकाळी काही झालं नाही म्हणून रात्री दुप्पट घेणारे आमच्याकडे खूप.

आता गोळ्यांचं. हा गोळा पोटात असताना गोळी घेतली, तर औषध त्यात अडकतं, उशिरा किंवा कमी लागू होतं. म्हणून दुसरं औषध आणि इसबगोल यांत निदान दोन तास ठेवा. थायरॉइडच्या गोळीपासून मी चार तास सांगतो, कारण ती कमी शोषली गेली आणि थायरॉइड ढिलं पडलं की त्यानेही बद्धकोष्ठता वाढते. माणूस मग भुसा वाढवतो.

आमच्याकडच्या एका मावशींचं उदाहरण घ्या. सकाळी थायरॉइडची, न्याहारीनंतर बीपीची, दुपारी लोहाची, रात्री कोलेस्टेरॉलची गोळी. त्या इसबगोल रात्री शेवटच्या गोळीसंगच घेऊन लगेच आडव्या व्हायच्या, पाणी दोन घोट. आम्ही त्यांचा दिवस असा लावला: सहाला उपाशीपोटी थायरॉइडची, नऊला बीपीची, जेवणानंतर एकला लोहाची. वावरातून आल्यावर सहाला इसबगोल आणि दोन पेले पाणी. नऊला रात्रीची गोळी. सहाच्या पुढेमागे तीन तास तरी मोकळे राहतात, आणि झोपायच्या आधी चालणं-फिरणंही होतं. लोहाच्या गोळीनेही कडक होते, तेव्हा ती कोणती व किती, हे डॉक्टरांना विचारायला त्यांना सांगितलं. आपल्या मनाने बंद करू नका, असंही.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांनाच विचारावं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर दोन पेल्यांचा हिशेब तिथे बसत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर थोडी खाली येऊ शकते, ती तपासत राहा. हृदयाची, फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर अंतराबद्दल नक्की विचारा.

आणि पोट फुगून टणक झालं, वारा सरत नाही, उलट्या होत आहेत, तर इसबगोल मागायला माझ्याकडे येऊ नका. आतडं अडलेलं असू शकतं आणि त्यावर भुसा टाकणं धोक्याचं आहे. सरळ ग्रामीण रुग्णालयात जा. संडासात रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, किंवा पन्नाशीनंतर पोटाची सवय एकाएकी बदलली, तरीही आधी तपासून घ्या. पाकीट काय, दुकानात नेहमीच असतं.