लाईट गेली, तेरा पाहुणे आणि भिकार सावकार

आमच्या कृषी पर्यटन केंद्रात संध्याकाळचे खेळ घेणं माझ्याकडे असतं. जुलैमधला शनिवार, पाऊस थांबायचं नाव नाही, लाईट गेलेली आणि ओसरीवर एकाच घरातली तेरा माणसं, सहा वर्षांच्या छोटीपासून शहात्तरच्या आजींपर्यंत.

काका लोकांनी आधी मेंढीकोट मांडला. चारच जण खेळणार, बाकीचे बघणार. एका बारक्याला भिडू म्हणून घेतलं, त्याने दश्शी समोरच्या पार्टीच्या हातात टाकली आणि त्याचा भिडू असा ओरडला की पोरगं पानं टाकून आत गेलं. तीन डाव झाले, तिन्ही त्याच जोडीने जिंकले. मी ह्यावरूनच ओळखते, लागोपाठ तीन डाव तेच जिंकले की तो खेळ ह्या घोळक्यासाठी नाही, कुठला हुकूम गेला हे लक्षात ठेवणाराच त्यात पुढे जाणार.

मग मी भिकार सावकार काढला. पान उलटं ठेवायचं, वरचं एक टाकायचं, आधीच्या पानाशी नंबर जुळला की सगळा ढीग आपला. ठरवायचं काहीच नाही, त्यामुळे चुकायचंही काही नाही. पण एका कॅटमध्ये तेरा जणांना चारच पानं येतात, म्हणून जोकर काढून दोन कॅट एकत्र पिसले, १०४ पानं, प्रत्येकाला बरोबर आठ. पान जुळण्याची शक्यता साधारण पंधरात एक, म्हणजे तेरा जणांत जवळपास दर फेरीला कुणीतरी ढीग उचलतो, त्यामुळे कंटाळा येत नाही.

ह्या खेळाचा खरा त्रास वेगळाच आहे, जो पहिला भिकारी होतो तो शेवटपर्यंत नुसता बसून राहतो, आणि एकच सावकार उरेपर्यंत खेळायचं तर तासभर संपत नाही. म्हणून मी दोन गोष्टी आधीच सांगते. वीस मिनिटांनी थांबायचं आणि पानं मोजायची. आणि भिकारी झालेल्याला एकदाच, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पानं असतील त्याने तीन पानं कर्ज द्यायची.

पहिल्या भिकारी आजीच झाल्या. तोवर छोटीचा ढीग तिच्या मांडीवरून घसरत होता, तिने वरची तीन पानं मोजून आजींना दिली. दुसऱ्याच पानाला आजींची सत्ती सत्तीवर पडली आणि भलामोठा ढीग त्यांच्याकडे गेला. आत गेलेला बारक्याही तोवर दारात येऊन उभा राहिला होता, त्याची आठ पानं मी बाजूला ठेवलीच होती, ती घेऊन तो आईजवळ बसला.

वेळ संपली तेव्हा आजींकडे एकतीस पानं होती. मोजायच्या आधी त्यांनी चार पानं काढून छोटीच्या हातात दिली, म्हणाल्या, "तीन मुद्दल आणि हे एक व्याज गं बाई."