केस वाढायला किती दिवस लागतात

"आम्ही चौघं मित्र, एक फोन, चार-पाच वीकेंड. वेब सिरीजसाठी जमेल असा एखादा विषय सुचवा ना. आणि हो, तुमच्या त्या गच्चीवरच्या सिरीजचं पुढे काय झालं?"

हे दोन प्रश्न जोडीनंच येतात. दुसऱ्याला मी आजवर 'एडिट चालू आहे' एवढंच म्हणत आलो. एडिट चालू नाही. तीन वर्षांपूर्वी बंद पडलं ते पडलंच.

पहिल्याचं उत्तर मी एकेकाळी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. 'एक जागा, एक रात्र, चार माणसं. याहून स्वस्त विषय नाही.' ते वाक्य लोक अजून मलाच पाठवतात, कधी कौतुकानं, कधी 'मग घोडं अडलं कुठे?' असं विचारत. तर ज्यानं ते लिहिलं त्या माणसाशी माझं भांडण आहे. एक जागा, कबूल. चार माणसंही चालतील. घात झाला तो 'एक रात्र' या दोन शब्दांत.

कागदावर हिशेब सुरेख होता. कोथरूडमधल्या एका मित्राच्या सोसायटीची गच्ची, रात्री नऊ ते पहाटे तीन अशी गोष्ट, सहा भाग, चोवीस पानं. पान म्हणजे साधारण मिनिट. कपडे एकच, जागा एकच, प्रवास नाही, खर्च चहा-वड्यांचा. पण पडद्यावरची ती एक रात्र आम्ही चार शनिवार-रविवारी गोळा करणार होतो. म्हणजे चार आठवडे चौघांची दाढी, केस, नखं, वजन, सर्दी, सगळं जिथल्या तिथे थांबलं पाहिजे. आभाळानंसुद्धा. जुलै महिना होता. पहिल्या शनिवारी गच्ची ओली, दुसऱ्या शनिवारी कोरडी ठणठणीत. मग आम्ही दोन मजले खालून बादल्या भरून आणून गच्चीवर ओतल्या. त्या आठवड्यात सोसायटीत टँकर आलेला होता, त्यामुळे सेक्रेटरीकाका जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्यात गणपतीच्या आधीची ढोलपथकांची सरावाची मोसम. ढोल थांबेपर्यंत रात्रीचे दहा वाजायचे, आणि आमचं शूटिंग खऱ्या अर्थानं त्यानंतर.

एवढं सगळं निभावलं असतं. निभावत होतोही. दुसरी चूक मात्र मी शहाणपण समजून केली.

एका फोननं दोघांचं बोलणं घ्यायचं तर ते तीनदा करावं लागतं. आधी दोघं एकत्र दिसतील असं, मग फक्त याचा चेहरा, मग फक्त त्याचा. फोन पलटला की दिवेही पलटतात. रात्री फोनला प्रकाश कमी पडतो आणि चित्र दाणेदार होतं, म्हणून आमच्याकडे दोन एलईडी पट्ट्या होत्या. त्या बांधून, सोडून, पुन्हा बांधण्यात प्रत्येक वेळी पाऊण तास जायचा. तेव्हा मी ठरवलं, दिवे एकदाच लावू. पाण्याच्या टाकीकडे तोंड करून जेवढे चेहरे आहेत, ते सगळ्या भागांतले आधी उरकू. दुसरी बाजू नंतर. मोठे लोकही असंच करतात, असं मी सगळ्यांना ऐकवलं. करतातही. पण त्यांचा नट करारानं बांधलेला असतो, आणि रोज तो कालच्यासारखाच दिसतो ना हे बघायला पगारी माणूस असतो. आमच्याकडे दोन वीकेंडनंतर सहा भागांतली अर्धी अर्धी संभाषणं होती आणि पुरा असा एकही प्रसंग नव्हता.

तिसऱ्या वीकेंडच्या आधीच्या बुधवारी आमच्या मुख्य नटाचे वडील गेले.

आम्ही सगळे वैकुंठला गेलो. मी त्याच्या शेजारी उभा होतो. अग्नी त्यानंच दिला. त्या वेळी माझ्या मनात शूटिंग नव्हतं, हे मला लिहावंसं वाटतं, कारण ते खरं आहे आणि कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला फोन केला. आई कशी आहे, जेवलास का, कोण कोण आलंय, हे सगळं विचारलं. मग म्हणालो, "दहाव्याला केस..."

"काढायचेत," तो म्हणाला.

मी थोडा थांबलो. एवढ्यावर ठेवायला हवं होतं. पण मी म्हणालो, "मिशी तरी राहील का?"

पलीकडून काही क्षण काहीच आवाज नाही. मग तो अगदी नेहमीच्या स्वरात म्हणाला, "काकांना विचारून सांगतो."

त्यानं खरंच विचारलं. हे मला वर्षभरानं त्याच्या बहिणीकडून कळलं. भरल्या घरात, माणसं बसलेली असताना, त्यानं काकांना विचारलं की मिशी ठेवली तर चालेल का, मित्राचं काम अडलंय.

माझी बाजूही ऐका. मी त्याला या म्हटलं नव्हतं. तेराव्यानंतरच्या शनिवारी तो स्वतःहून आला, डोक्यावर माकडटोपी घालून, आणि म्हणाला, गच्चीवर वारा असतो, पात्राला थंडी वाजतेय असं दाखवू. कल्पना वाईट नव्हती. त्या दोन रात्रींत उरलेली सगळी उलटी बाजू त्यानं एकही ओळ न चुकता करून दिली. आणि मी ती घेतली. घरी येऊन चित्रं जोडली तेव्हा दिसलं ते कुणालाही आधीच दिसलं असतं. त्याचं वाक्य एका बाजूनं सुरू होतं तेव्हा केस आणि मिशी, दुसऱ्या बाजूनं संपतं तेव्हा टोपी आणि कोरा ओठ, मग पुन्हा केस. दर पाच सेकंदांनी. चमनगोटा केलेले केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्याचे आधीचे केस कानावर येत होते. म्हणजे जवळपास वर्ष. मी तोही हिशेब केला होता, हेही सांगून टाकतो.

काही जण म्हणतात, प्रसंगाप्रसंगानं घेतलं असतं तर निदान तीन भाग पुरे झाले असते. खरंय. काही म्हणतात, हे नशीब आहे, विषयाचा काय दोष? इथे मी अडतो. वडील जाणं हे नशीब. पण चार आठवडे कुणाच्याही घरी काहीच घडणार नाही, या गृहितावर बेतलेला विषय मी निवडला होता, आणि घडल्यावर भार पडला तो त्याच्यावर. कुणाचं लग्न ठरतं, कुणाला ऑफिसातून बंगळुरूला पाठवतात, कुणी नवा चष्मा घेतो. मित्रांना तुम्ही पैसे देत नाही, तेव्हा त्यांचं आयुष्य थांबवायला सांगणारा विषय तुम्हाला परवडत नाही.

आता विषय. मी नंतर जो केला तोच सांगतो, कारण त्याचे खाचखळगे मला माहीत आहेत.

आमच्यातल्या एकीच्या आत्याचा फ्लॅट, जुनी इमारत, रिडेव्हलपमेंटला गेलेली. महिन्याच्या शेवटी किल्ल्या द्यायच्या होत्या आणि मधे पाच रविवार. गोष्ट एवढीच: आत्या गेल्यानंतर भाचा आणि भाची दर रविवारी येऊन एक खोली रिकामी करतात. पहिल्या रविवारी स्वयंपाकघर, मग देवघर, मग पुस्तकं. दोघांचं जमत नाही. तिसरं माणूस म्हणजे नाशिकहून फोन करणारी आई. तिचा फक्त आवाज, तो तिनं तिच्या सवडीनं घरून पाठवला. एक रविवार, एक भाग, गोष्टीतलाही एकच दिवस. भाच्यानं मधे दाढी काढली तर गोष्टीतही काढली. भाचीला ताप आला त्या दिवशी ती कॉटवर बसून नुसते हुकूम सोडते, आणि तो भाग सगळ्यांत बरा झालाय.

चार मिनिटांचा प्रसंग तीन बाजूंनी, प्रत्येक बाजू तीन-चार वेळा, म्हणजे कॅमेरा पाऊण तास चालतो आणि मधल्या हलवाहलवीसकट अर्धा दिवस जातो. सकाळी नऊ ते एक, बाल्कनीतून येणाऱ्या उजेडात, दिवे बंद ठेवून. ट्यूबलाइट लावायचीच तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या हिश्श्यावर ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. प्रकाश आणि फोकस चेहऱ्यावर बोट दाबून धरून कुलूपबंद करा. हे आम्ही दुसऱ्या रविवारी विसरलो. भाचीच्या सगळ्या जवळच्या चित्रांत मागचा पडदा स्पष्ट आणि ती धूसर. फोनच्या पडद्यावर ते कळलं नाही, रात्री लॅपटॉपवर कळलं. तोवर तो पडदा बोहारणीकडे गेला होता.

या विषयाची हीच अडचण. मागे जाता येत नाही. खोली पुन्हा भरत नाही. आम्ही तिचं बोलणं ठेवलं आणि वर भांडी गुंडाळणाऱ्या हातांची चित्रं लावली. पुढे मात्र प्रत्येक रविवारी जेवायला बसण्याआधी सगळं लॅपटॉपवर बघितलं.

दुसरी गोष्ट मला सुचलीच नव्हती. घर रिकामं होतं तसा आवाज घुमायला लागतो. पहिल्या भागात टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विझायची, चौथ्या भागात भिंतीवरून परत यायची. हातभर लांबचा फोन बोलण्याबरोबर भिंतीही ऐकतो. मग साधा कॉलर माइक जुन्या फोनला जोडून तो फोन खिशात, प्रत्येक टेकच्या सुरुवातीला एक टाळी म्हणजे नंतर आवाज जुळवता येतो, आणि आत्याच्याच गोधड्या चित्रात येणार नाहीत अशा भिंतींवर लटकवल्या. टेक लहान ठेवले, कारण लांबलचक टेकमध्ये वेगळा घेतलेला आवाज ओठांपासून हळूहळू सरकतो. शेवटच्या भागात गोधड्या काढून टाकल्या. रिकाम्या घरात माणसं तशीच ऐकू येतात.

तर मी हे सोडवलं असं समजू नका. हा फ्लॅट आम्हाला मिळाला, तुम्हाला मिळेलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर ती गच्ची अजूनही मला जास्त आवडते. त्याच्यासारखा नट या पाच रविवारांत नव्हता.

तो आला होता. चौथ्या रविवारी लोखंडी कपाट खाली उतरवायला माणूस कमी पडत होता. मी बोलावलं नव्हतं, भाचीनं बोलावलं. फोन स्टँडवर होता तो बघून त्यानं विचारलं, "ओळीनंच घेताय ना?"

"हो."

"बरं," म्हणाला, आणि कपाटाची खालची बाजू धरली. जिन्याच्या वळणावर तीन-चार सेकंद एक हात दिसतो, तो त्याचा. चेहराही घेऊ का, हे तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.