सड्यावरची डबकी आणि दोन पानांचं रिसर्च स्टेटमेंट

पोस्टडॉकच्या अर्जातलं रिसर्च स्टेटमेंट तपासायला आलं की मी ते तीन वेगवेगळ्या वेळी वाचते. पहिल्यांदा फक्त एवढंच बघते, की या व्यक्तीला नेमकं काय शोधायचंय आणि ते का. दुसऱ्यांदा, ते शोधण्याची तिची तयारी कागदावर दिसते का. आणि तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर आणि कॅलेंडर जवळ घेऊन. एकाच बैठकीत तिन्ही करायला गेलं तर भाषा सुधारण्यातच वेळ जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

यंदा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं स्टेटमेंट आलं. पीएचडी नुकतीच संपलेली, अर्ज दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी, विषय रत्नागिरी आणि राजापूरकडच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, पावसाळी डबकी. आमच्याकडचा सडा ज्यांनी फक्त मे महिन्यात पाहिलाय त्यांना तिथे तापलेला काळा कातळ सोडून काही दिसणार नाही. पावसाळ्यात 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जांभ्याच्या खोलगट भागांत पाणी साठतं. त्या वीतभर पाण्यात फेअरी श्रिम्प, ऑस्ट्रॅकॉड, क्लॅडोसेरा असे बारीक कवचधारी जीव जन्मतात, वाढतात, अंडी घालतात. डबकं आटतं तेव्हा जीव मरतात. अंडी मात्र तळाच्या चिमूटभर मातीत पुढच्या पावसापर्यंत टिकतात.

मसुद्याचं पहिलं वाक्य होतं: ‘जैवविविधतेचा ऱ्हास ही आज जगासमोरील गंभीर समस्या आहे.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण निवड समितीसमोरच्या ढिगातल्या पर्यावरणाच्या कुठल्याही अर्जावर ते चिकटवता आलं असतं. पुढचा अख्खा परिच्छेद तसाच होता आणि सड्याचा उल्लेख थेट दुसऱ्या परिच्छेदात. मी तिला फोन केला आणि म्हटलं, ‘कागद बाजूला ठेव. तुला सड्यावर कशाचं कोडं पडलंय ते सांग.’

ती म्हणाली, ‘मॅडम, मृगाचा पाऊस लागतो, डबकी भरतात, पिल्लं बाहेर येतात. आणि मग कधीकधी लांब उघडीप पडते. अंडी घालायच्या आत डबकं आटतं. म्हणजे त्या वर्षी मातीतली शिल्लक खर्च झाली आणि जमा काहीच नाही. असं लागोपाठ झालं तर ती शिल्लक किती वर्षं पुरेल?’

व्हिजन म्हणतात ते हेच. मी तिला तेच वाक्य, तेच शब्द पहिल्या ओळीत घालायला सांगितलं. त्याच्या पाठोपाठ हा प्रश्न सड्यापुरता का नाही, हे सांगणारी दोन वाक्यं हवीत. पाऊस सुरू होऊन मध्येच थांबला की पहिल्या सरीवर विसंबणाऱ्या प्रत्येक जीवाची हीच अडचण होते, मग ते कातळावरचं गवत असो की बेडूक. पाच-सात वर्षांत तिला तिथवर पोचायचंय. फेलोशिपच्या दोन वर्षांत ती फक्त डबक्यांतल्या अंड्यांचा हिशेब मांडणार आहे. पाच-सात वर्षांचं उद्दिष्ट आणि दोन वर्षांचं काम, ही दोन्ही स्टेटमेंटमध्ये वेगवेगळी दिसली पाहिजेत. तिच्या मसुद्यात ती मिसळली होती, त्यामुळे दोन वर्षांत अख्ख्या कोकणच्या सड्यांचं भवितव्य सांगणार असा आव दिसत होता.

ट्रॅक रेकॉर्डसाठी माझी एक साधी रीत आहे. कोऱ्या कागदावर दोन रकाने आखायचे. डावीकडे स्टेटमेंटमधली ‘मी करणार’ अशा अर्थाची सगळी क्रियापदं उतरवायची: मोजणार, ओळखणार, उबवणार, मॉडेल करणार. उजवीकडे प्रत्येकासमोर ते केल्याचा पुरावा, आणि तो स्टेटमेंटमध्येच सापडला पाहिजे. मला तिच्याबद्दल काय माहीत आहे ते तिथे लिहायचं नाही, कारण समितीला ते माहीत नसतं.

तिचा उजवा रकाना जवळजवळ रिकामा राहिला, याचं मला फार वाईट वाटलं. या मुलीने पीएचडीच्या काळात पावसाळ्यांमागून पावसाळे डबक्यांत खोली नोंदवणारे लॉगर बसवले, त्यांच्या नोंदी स्वतः उतरवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली जीव जातीपर्यंत ओळखायला शिकली. स्टेटमेंटमध्ये मात्र होतं, ‘माझे तीन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत’, आणि पुढे जर्नलांची नावं. तीनपैकी एकाच निबंधात ती पहिली लेखिका आहे. उरलेल्या दोन्हींत तिने काय केलं, हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? त्यातल्या एका निबंधातली पाण्याच्या पातळीची सगळी मोजणी तिची आहे. आम्ही ते एका वाक्यात लिहिलं: ‘या निबंधातली जलपातळीची मोजणी आणि तिचं विश्लेषण मी केलं.’ जर्नलांची नावं सीव्हीत होतीच, म्हणून स्टेटमेंटमधून काढून टाकली. ‘तयारीत असलेला’ चौथा निबंधही प्रसिद्ध निबंधांच्या ओळीतून हलवला. पूर्ण मसुदा हातात नसताना असा उल्लेख केला आणि मुलाखतीत कोणी तो मागितला, तर बाकीच्या खऱ्या कामावरही शंका येते.

‘उबवणार’ या शब्दासमोर मात्र खरोखरच काही नव्हतं. सुकलेली माती आणून, प्रयोगशाळेत तिच्यावर पाणी घालून अंडी उबवण्याचं काम तिने कधी केलेलं नाही. तिला तो भाग मोघम ठेवायचा होता. माझं मत अगदी उलट होतं. पोस्टडॉक करणाऱ्याला सगळं आधीच येत असावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. उलट जे येत नाही ते शिकायला त्या प्रयोगशाळेत जायचं, हे होस्ट निवडण्याचं सगळ्यात पटणारं कारण असतं. तिची होस्ट लॅब नेमकं हेच काम करते आणि मसुद्यात तिच्याविषयी फक्त ‘नामांकित’ हे विशेषण होतं. ते काढून आम्ही लिहिलं, की सड्यावरच्या मोजणीचा अनुभव माझ्याकडे आहे, उबवण्याचं तंत्र तिथे आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांत मी ते शिकेन. दोन रकान्यांतली ती मोकळी जागा अशी भरली.

तिसरं वाचन व्यवहार्यतेचं, आणि खरी झटापट इथे झाली. मूळ आराखडा असा होता: सहा सडे, साठ डबकी, पावसाळ्याचे सोळा आठवडे, दर आठवड्याला प्रत्येक डबक्यातून एक नमुना. वाचताना भारदस्त वाटतं. मी तिला विचारलं, एका डबक्यावर किती वेळ जातो? मोजणी, नमुना, लेबल धरून पंचवीस मिनिटं. म्हणजे साठ डबक्यांना 25 तास, एका सड्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा वेळ सोडून, आणि तेही जुलैच्या पावसात, निसरड्या कातळावर. आठवड्यातले चार-पाच दिवस तिथेच संपले. मग नमुने: 60 गुणिले 16, म्हणजे 960. सूक्ष्मदर्शकाखाली एक नमुना वेचायला तिला दीड तास लागतो. झाले 1440 तास. रोज पाच तासांहून जास्त वेळ डोळे टिकत नाहीत, म्हणजे एका पावसाळ्याच्या नमुन्यांना 288 दिवस. दोन पावसाळ्यांचे 576. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये कामाचे दिवसच तेवढे नसतात.

हा गुणाकार परीक्षकही करतात. आकडा जमत नाही असं दिसलं की ते सरळ ‘अतिमहत्त्वाकांक्षी’ असा शेरा मारतात, आणि त्या शेऱ्यानंतर व्हिजन कितीही चांगलं असो, गुण खाली येतात.

नवा आराखडा तीन सडे, वीस डबकी, दर पंधरवड्याला नमुना. एका हंगामात 160 नमुने, 240 तास, म्हणजे 48 दिवस. पाणी कधी भरलं आणि कधी आटलं ही नोंद लॉगर सतत ठेवतातच, त्यासाठी माणूस दर आठवड्याला जायला नको. डबकी कमी केल्याची किंमतही आम्ही लिहिली: तीन सड्यांवरून सगळ्या कोकणातल्या सड्यांबद्दल विधान करता येणार नाही. लवकर आटणारं आणि उशिरा आटणारं डबकं यांची तुलना मात्र करता येईल, आणि तिच्या प्रश्नाला तीच हवी आहे.

मग कॅलेंडर. फेलोशिप सप्टेंबरात सुरू झाली तर पहिला पावसाळा दहाव्या महिन्यात आणि दुसरा बाविसाव्या महिन्यात लागतो. दुसऱ्याचे नमुने संपेपर्यंत मुदत उलटलेली असेल. शिवाय उघडीप काही आपल्या सोयीने पडत नाही. दोन्ही वर्षी पाऊस सलग लागला तर प्रश्नाचं काय करायचं? इथे मात्र तिनेच रस्ता काढला. ‘मॅडम, माती तर उन्हाळ्यात मिळते. उघडीप मी ट्रेमध्ये पाडते की.’ एप्रिल-मेमध्ये डबक्यांच्या तळाची माती गोळा करायची, ट्रेमध्ये पाणी घालायचं, जीव मोठे होऊन अंडी घालायच्या आत काही ट्रे सुकवायचे, पुन्हा भिजवायचे, आणि दर फेरीला किती पिल्लं निघाली ते मोजायचं. म्हणजे मुख्य प्रयोग पावसावर अवलंबून राहिला नाही आणि सड्यावरची मोजणी त्याची पडताळणी झाली. दुसरा पावसाळा हुकला तरी काम उभं राहतं.

या पद्धतीतला धोकाही लिहायला सांगितला. सगळी अंडी पहिल्याच पाण्यात फुटत नाहीत, काही मुद्दाम थांबल्यासारखी पुढच्या पाण्यासाठी राहतात. त्यामुळे एखाद्या ट्रेमध्ये काहीच निघालं नाही, तर ‘मातीत अंडी नाहीत’ असं म्हणता येत नाही. उरलेल्या मातीतली अंडी चाळून मोजावी लागतील. हे वाक्य आल्यावर धोक्याचा परिच्छेद पटण्यासारखा झाला. आधी तिथे ‘पावसाळ्यात काही अडचणी येऊ शकतात’ एवढंच होतं.

परवानगीचा मुद्दा दोन ओळींत संपला, पण तो नसता तर प्रश्न आला असता. सडे बहुतेक खाजगी मालकीचे, सातबाऱ्यावर नावांची ही लांबलचक रांग, निम्मे खातेदार मुंबईत. तिन्ही ठिकाणी ती आधीपासून काम करतेय आणि जमीनवाल्यांची संमती तिच्याकडे लेखी आहे, हे लिहिलं. तिच्या पहिल्या यादीतल्या एका सड्यावर चिरेखाण सुरू झालीय, तो वगळला.

डीएनए तपासणीबाबत आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. माझ्या मते तो भाग पूर्ण काढायला हवा होता, कारण दोन रकान्यांत त्याला ना अनुभवाचा आधार आहे ना वेळेचा. तिचं म्हणणं, काही ऑस्ट्रॅकॉड सूक्ष्मदर्शकाखालीही नुसतं बघून वेगळे ओळखताच येत नाहीत. नमुने परदेशी पाठवायचा विचार तिने सोडला, कारण त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न उभा राहिला असता. होस्ट लॅबमध्येच, फक्त शंकास्पद नमुन्यांपुरती तपासणी, असं एक वाक्य तिने ठेवलं आणि मी ते राहू दिलं. अर्ज तिचा आहे, आणि मुलाखतीत त्या वाक्याचं उत्तरही तिलाच द्यायचंय.