‘अनामत’ परत मिळणार नाही?

एका इव्हेंट फोटोग्राफरने बुकिंगचं कन्फर्मेशन माझ्याकडे पाठवलं होतं, ‘भाषा जरा नीट करून द्या’ म्हणून. मजकूर पाच ओळींचा. मला वाटलं, चहा संपेपर्यंत होईल. लागली पूर्ण दुपार, आणि शुद्धलेखनाची चूक त्यात एकही नव्हती.

मूळ मजकूर असा: ‘आपले बुकिंग कन्फर्म झाले आहे. अनामत रक्कम मिळाली. उर्वरित रक्कम कार्यक्रमापूर्वी द्यावी. ३० दिवसांच्या आत बुकिंग रद्द झाल्यास ५०% रक्कम कापली जाईल. त्यानंतर अनामत परत मिळणार नाही.’

पहिला खडा ‘अनामत’. आपल्याकडे अनामत म्हणजे काम संपलं की परत मिळणारे पैसे. घरभाड्याची असो नाहीतर वाचनालयाची. इथे मात्र ती एकूण बिलाचाच भाग होती, आणि शेवटच्या ओळीत तीच परत मिळणार नाही म्हटलं होतं. ग्राहक भांडायला आला तर त्याच्या हातात आपणच शब्द दिलेला. तिथे ‘आगाऊ रक्कम’ लिहिलं, आणि किती, कधी, कशी मिळाली तेही: एकूण ८०,००० पैकी २४,०००, ३ ऑक्टोबरला, बँक ट्रान्सफरने, व्यवहार क्रमांकासह. नुसतं ‘मिळाली’ म्हटलं की दोन महिन्यांनी कुणीतरी ‘मी तर तीस दिले होते’ म्हणतंच.

‘कार्यक्रमापूर्वी’ हा दुसरा. कार्यक्रम २० डिसेंबरला. मग त्या दिवशी हॉलच्या दारात, कॅमेरा गळ्यात असताना पाकीट पुढे केलं, तरी ते कार्यक्रमापूर्वीच झालं. त्याला पैसे दहा दिवस आधी हवे होते, कारण मदतनीस आणि भाड्याच्या लेन्सचे पैसे तेव्हा द्यायचे असतात. म्हणून: ‘उरलेले ५६,००० हे १० डिसेंबरपर्यंत खात्यात जमा व्हावेत.’ ‘द्यावेत’ म्हटलं तर त्या तारखेचा चेक हातात ठेवला तरी चालतं. तो वटायला वेळ लागतो, म्हणून ‘जमा’.

खरी गंमत ‘३० दिवसांच्या आत’मध्ये होती. मी ते ‘कार्यक्रमाला ३० दिवसांपेक्षा कमी अवधी असताना’ असं वाचलं. फोटोग्राफरच्या मनात होतं ‘कार्यक्रमाच्या ३० दिवस आधीपर्यंत’. आणि ग्राहकाने ‘बुकिंग केल्यापासून ३० दिवसांत’ असं वाचलं असतं, तर त्यालाही चूक म्हणता आलं नसतं. तीन वाचनं, तीन वेगळे हिशेब. अशा वेळी वाक्य घासत बसण्यात अर्थ नसतो. दिवस मोजून तारीख लिहायची: २० नोव्हेंबर, आणि तो दिवस धरून.

‘५०%’ कशाचे, हे तर कुठेच नव्हतं. एकूण रकमेचे धरले तर ४०,०००, म्हणजे रद्द करणाऱ्याकडूनच आणखी १६,००० मागायची वेळ. त्याला म्हणायचं होतं आगाऊ रकमेच्या निम्मे, १२,०००. हे अंदाजाने दुरुस्त करायचं नसतं. अट त्याची, मी फक्त वाक्य लिहिणारा. म्हणून फोन केला. त्याच फोनवर विचारलं, ग्राहकाने पूर्ण पैसे भरून १२ डिसेंबरला रद्द केलं तर ५६,००० चं काय? बराच वेळ शांतता. मग म्हणाला, ‘ते परत देईन.’

राहिलं ‘रद्द झाल्यास’. कोणी केलं? ‘झाल्यास’मध्ये फोटोग्राफर आजारी पडला तरी ग्राहकाचेच पैसे कापले जातात. ‘केल्यास’ लिहिलं की कर्ता लिहावाच लागतो, आणि कर्ता आला की दुसऱ्या बाजूचं वाक्यही लिहावं लागतं.

शेवटी अटींचा भाग असा झाला:

‘तुम्ही २० नोव्हेंबरपर्यंत (तो दिवस धरून) लेखी कळवून बुकिंग रद्द केल्यास आगाऊ रकमेपैकी १२,००० परत मिळतील. २१ नोव्हेंबरपासून रद्द केल्यास आगाऊ २४,००० परत मिळणार नाहीत. त्याशिवाय काही भरले असल्यास ते परत मिळेल. मी येऊ न शकल्यास तुम्ही भरलेली सर्व रक्कम परत करीन.’

पाठवण्याआधी त्याच्याकडून मूळ कोटेशन मागवलं. पैसे घेऊन झाल्यावर कन्फर्मेशनमध्ये नवी अट घुसवली, तर ग्राहक ‘हे मला आधी सांगितलंच नव्हतं’ म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. कोटेशनमध्ये रद्द करण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून खाली एक ओळ वाढवली: ‘या अटी मान्य असल्याचे कृपया उत्तरात कळवावे.’ ग्राहकाचं उत्तर येईपर्यंत त्या अटी एकतर्फीच, हेही फोटोग्राफरला सांगितलं.

ई-मेलचा विषय त्याने ‘कन्फर्मेशन’ एवढाच ठेवला होता. तिथे घातलं: ‘२० डिसेंबरचे बुकिंग निश्चित, बाकी ५६,००० १० डिसेंबरपर्यंत’.