डिफ्युजनची वही, तिसरा आठवडा: अखेर ओळखू येणारा ७

काल रात्री माझ्या मॉडेलने पहिल्यांदा नीट ७ काढला. ट्रेनिंग एमनिस्टवर, म्हणजे हाताने लिहिलेल्या अंकांच्या २८ × २८ पिक्सेलच्या ६०,००० चित्रांवर. पद्धत २०२० च्या डीडीपीएम पेपरमधलीच: १,००० पायऱ्या.

नव्याने आलेल्यांसाठी आधी मूळ कल्पना सांगतो. चांगल्या चित्रात पायरीपायरीने थोडा थोडा नॉइज मिसळत गेलं की शेवटी नुसत्या मुंग्या उरतात, जुन्या टीव्हीवर चॅनल गेल्यावर दिसायच्या तशा. मिसळण्याचं काम गणिताने होतं, त्यात शिकण्यासारखं काही नाही. ५०० व्या पायरीवर मूळ चित्राचा वाटा साधारण ०.२८ पट उरतो आणि नॉइजचा ०.९६ पट होतो. म्हणजे ०.८ किमतीच्या पिक्सेलवर −१.२ नॉइज पडला, तर ०.२२ − १.१५ = −०.९३. मॉडेलला हा −०.९३ (आणि आजूबाजूचे सगळे पिक्सेल) दाखवायचा, पायरी ५०० आहे हे सांगायचं आणि विचारायचं: यात नॉइज किती होता? उत्तर −१.२ च्या जितकं जवळ, तितका लॉस कमी. ट्रेनिंग एवढंच.

नवं चित्र काढताना उलटं जायचं: नुसत्या मुंग्यांपासून सुरुवात करायची आणि मॉडेलने अंदाजलेला नॉइज पायरीपायरीने काढत जायचं. मग सगळा नॉइज एकदम का काढू नये? मी करून पाहिलं. नुसत्या मुंग्यांमध्ये ३ दडलाय की ८, हे ठरवायला काहीच आधार नसतो. त्यामुळे मॉडेल सगळ्या शक्यतांची सरासरी देतं आणि मधोमध एक धुरकट डाग उमटतो. थोडाच नॉइज काढला, तर चित्र किंचित एका बाजूला झुकतं आणि पुढच्या अंदाजाला तोच झुकाव आधार देतो.

माझे दोन आठवडे मात्र वेगळ्याच चुकीत गेले. लॉस छान उतरलेला, तरी प्रत्येक चित्र गुळगुळीत आणि अंक अर्धवट पुसल्यासारखा. म्हणजे ट्रेनिंग ठीक होतं, घोळ चित्र काढण्याच्या भागात होता. यातली दुसरी ओळ मी लिहिलीच नव्हती. इथे eps म्हणजे मॉडेलने अंदाजलेला नॉइज, t पायरीचा क्रमांक, b त्या पायरीला मिसळलेल्या नॉइजचं प्रमाण, a म्हणजे 1 − b आणि ab म्हणजे तिथवरच्या सगळ्या a चा गुणाकार:

```
x = (x - b/(1-ab)**0.5 * eps) / a**0.5
if t > 0: x = x + b**0.5 * torch.randn_like(x)
```

अंदाजलेला नॉइज वजा केल्यावर थोडा ताजा नॉइज परत घालावा लागतो. उलट वाटतं खरं, पण पहिल्या ओळीतून मिळते ती आधीच्या पायरीवरच्या अनेक शक्य चित्रांची सरासरी. ताज्या नॉइजमुळे त्यातलं एक निवडलं जातं. शिवाय त्या पायरीवर जितका नॉइज असायला हवा तितका चित्रात राहतो, आणि मॉडेल तेवढ्याच नॉइजवर शिकलेलं असतं. फक्त शेवटच्या पायरीला तो घालायचा नाही, नाहीतर तयार अंकावर बारीक कण राहतात.

ती ओळ घातली, ट्रेनिंग पुन्हा न करता चालवलं आणि सोळापैकी अकरा अंक वाचता आले. उरलेल्या पाचांत ४ आणि ९ च्या मधलं काहीतरी आहे. आता ट्रेनिंग आणखी लांबवून त्यांच्याकडे बघतो.